बाजार किती मोठा? चुली मोजा, टक्के नकोत



गटाने धंदा सुरू करायचा ठरवला, की बँकेसाठी प्रकल्प अहवाल करावा लागतो. त्यात 'बाजारपेठ' नावाचा एक रकाना असतो. बहुतेक वेळा तो रकाना आपण भरतच नाही, अहवाल करून देणारा भरतो. तो लिहितो, 'महाराष्ट्रात मसाल्याची प्रचंड मागणी आहे. त्यातला फक्त एक टक्का मिळाला तरी गट लाखो रुपये कमवेल.' वाचायला छान वाटतं. आपण सह्या करतो, कर्ज मंजूर होतं आणि हप्ता सुरू होतो. तो एक टक्का मात्र कधी दारात येत नाही, कारण तो मुळात कुठे राहतच नव्हता.

या लेखात तोच रकाना आपला आपण कसा भरायचा ते बघू. उदाहरण आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं घेते, मसाला कांडायच्या डंकीचं. काही भागात हिला डंख म्हणतात. समजा, तुमच्या गटात दहा जणी आहेत. गावात डंकी नाही. नवीन डंकी, शेड, मिरची भाजायची सोय आणि वीजजोडणी मिळून १,२०,००० रुपये खर्च येतो. एवढं कर्ज काढावं का, हा प्रश्न आहे. पुढचे गावाचे आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या गावचे वेगळे येतील. पद्धत मात्र हीच राहील.

एक टक्क्याचा हिशोब कुठे फसतो

आधी तो 'एक टक्का' करूनच बघू. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे ११ कोटी २४ लाख होती. माणशी वर्षाला एक किलो मसाला धरला, तर ११ कोटी २४ लाख किलो झाला. कांडपाचे किलोला ५० रुपये धरले, तर ५६२ कोटी रुपयांचा बाजार झाला. त्यातला एक टक्का म्हणजे ५ कोटी ६२ लाख. ऐकूनच डोळे दिपतात.

आता हाच एक टक्का किलोमध्ये बघा. तो होतो ११ लाख २४ हजार किलो. आपल्या डंकीत एका वेळी पाच किलो पडतात आणि चाळणं, उखळ पुसणं धरून त्याला पाऊण तास लागतो असं धरू. दिवसाला सहा तास डंकी चालली, तर आठ वेळा कांडून ४० किलो होतात. वर्षाचे ३०० दिवस एकही सुट्टी न घेता चालवली, तर १२,००० किलो. म्हणजे त्या एक टक्क्यासाठी जवळजवळ ९४ डंक्या लागतील. आपण तर एक घेणार आहोत.

मग अहवालवाला म्हणेल, 'बरं, एक टक्का राहू दे. दहा हजारात एक किलो तरी मिळेल ना?' तो हिशोब येतो ११,२४० किलोचा, म्हणजे ५,६२,००० रुपयांचा. हा आकडा जरा शहाणा वाटतो. पण हाही तितकाच हवेतला आहे. एक टक्का का, दहा हजारात एक का, पाव टक्का का नाही? या प्रश्नाला उत्तर देणारं कोणीच नाही. टक्का बदलला की उत्तर बदलतं, आणि टक्का आपल्या मनाने ठरतो. म्हणजे हा हिशोब आपल्याला हवं तेच सांगतो.

याला आपण 'वरून खाली' हिशोब म्हणू. राज्याचा डोंगर घ्यायचा आणि त्यातला एक खडा आपला समजायचा. याच्या उलट 'खालून वर' हिशोब असतो. त्यात एका चुलीपासून सुरुवात करायची. या चुलीवर मसाला होतो का, किती होतो, कुठे कांडतात, माझ्याकडे का येतील? मग अशा चुली मोजत मोजत वर जायचं. उत्तर लहान येतं, पण त्यातल्या प्रत्येक किलोमागे एक घर असतं.

पहिली पायरी: घरं नाही, चुली मोजा

मसाल्याचा डबा घेऊन बाई किती लांब येईल, ते आधी ठरवा. पाच किलोचा डबा डोक्यावर किंवा गाडीवर घेऊन यायचं, नंबर लावून बसायचं आणि परत जायचं. दोन-तीन किलोमीटरच्या पुढच्या बाईला सहसा दुसरं काहीतरी जवळ असतं. म्हणून आपला परिसर म्हणजे आपलं गाव आणि रस्त्याने जोडलेल्या जवळच्या वाड्या-वस्त्या. तालुका नाही.

चुलींचा आकडा गावातच मिळतो. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घरपट्टीची घरं असतात. पण एका घरात दोन भाऊ वेगळे राहत असतील, तर घर एक आणि चुली दोन असतात. उलट कुलूप लावून पुण्या-मुंबईला गेलेल्यांचं घर यादीत असतं, पण चूल विझलेली असते. म्हणून अंगणवाडीताईंच्या कुटुंब सर्वेक्षणाच्या वहीशी आणि आशाताईंच्या नोंदीशी तो आकडा ताडून बघा. त्या दोघी घरोघर फिरतात. कोणाची चूल वेगळी झाली, हे त्यांना सरपंचाच्या आधी कळतं.

आपल्या नमुन्यात गावात ४२० चुली निघाल्या. रस्त्यावरचं शेजारचं गाव आणि वाडी मिळून २७०. पलीकडच्या तिसऱ्या गावात आणखी २६० आहेत, पण तिथे आधीच डंकी आहे. ते गाव आपण हिशोबात धरायचंच नाही. तिथून कोणी आलं, तर तो वरचा फायदा समजू.

दुसरी पायरी: 'येशील का?' असं विचारू नका

सगळ्या ४२० चुलींवर जायची गरज नाही. दर दहावी चूल घ्या, म्हणजे ४२ होतात. एखाद-दुसरी बंद असते, म्हणून ४० धरू. पण दहावी म्हणजे दहावीच. ओळखीची, गटातली किंवा सोयीची नको. सगळ्या चाळीस घरं एकाच आळीतली झाली, तर त्या आळीचा हिशोब होईल, गावाचा नाही. मळ्यातल्या वस्त्या आणि गावाबाहेरची घरंही त्यात आली पाहिजेत. कारण तिथलं खाणं, पैसा आणि येण्या-जाण्याची सोय वेगळी असते.

आता सगळ्यात मोठी चूक इथे होते. आपण विचारतो, 'वैनी, आम्ही डंकी टाकली तर येशील का?' वैनी म्हणते, 'येईन की! का नाही येणार?' ती खोटं बोलत नाही. ती आपलं मन राखते. दारात आलेल्या बाईला नाही कोण म्हणेल? अशा चाळीस 'येईन की' वर कर्ज काढलं, की पुढे तोंड लपवायची वेळ येते.

म्हणून पुढचं विचारू नका, मागचं विचारा. गेल्या वर्षी काय केलं, हे कोणी मन राखायला बदलत नाही. प्रश्न असे ठेवा:

१. गेल्या वर्षी मसाला घरी केला की तयार आणला?
२. कुठे कांडला?
३. डंकीवर वजन किती भरलं?
४. किलोला किती पैसे घेतले?
५. कोणत्या महिन्यात केला?
६. तिथेच का गेलात?

तिसऱ्या प्रश्नात एक मेख आहे. काही बायका मिरचीचे किलो सांगतात, काही सगळ्या मसाल्याचे. दोन किलो मिरचीत खोबरं, धणे, तीळ, कांदा-लसूण आणि खडा मसाला पडला, की वजन बरंच वाढतं. पैसे कशाच्या वजनावर घेतात, ते आधी विचारून घ्या आणि सगळ्यांकडून तेच वजन लिहा. नाहीतर एकीचे किलो दुसरीच्या किलोशी जुळणार नाहीत.

आपल्या ४० चुलींचं उत्तर असं आलं. ७ जणी तयार पाकीट आणतात. ३ जणी मिक्सरवर थोडं थोडं करतात. २ जणींना माहेरून मसाला येतो. उरल्या २८ जणी. त्यांनी डंकीवर कांडला. म्हणजे शंभरात ७० चुली.

या २८ जणींचं मिळून वजन १४० किलो भरलं. भागाकार केला, तर घरामागे ५ किलो येतात. पण वही नीट बघा. एका घराने एकटीने ३२ किलो कांडलाय, कारण त्यांचे तीन मुलगे आणि दोन जावई मुंबईला आहेत आणि सगळ्यांचा मसाला इथूनच जातो. ते घर बाजूला ठेवलं, तर २७ घरांचे १०८ किलो होतात, म्हणजे घरामागे ४ किलो. गावात असं मोठं घर दर चाळिसात निघेलच याची खात्री नाही. म्हणून आपण ४ धरायचे. एका मोठ्या घरामुळे सरासरी फुगते, हे लक्षात ठेवा.

आता गावाचा पूर्ण बाजार निघतो. ४२० चुलींच्या शंभरात ७०, म्हणजे २९४ घरं. प्रत्येकी ४ किलो, म्हणजे १,१७६ किलो. किलोला ५० रुपये दर असेल, तर ५८,८०० रुपये. अख्ख्या गावाने, एकही घर न चुकता, आपल्याकडेच कांडलं तरी एवढंच. अहवालवाल्याचा 'दहा हजारात एक' हा शहाणा वाटणारा आकडा याच्या जवळजवळ साडेनऊ पट होता.

तिसरी पायरी: आपल्याकडे कोण येईल?

अख्खा गाव आपल्याकडे येत नसतो. इथे सहावा प्रश्न कामाला येतो. २८ जणींना 'तिथेच का गेलात' असं विचारलं, तेव्हा तीन प्रकार निघाले.

१२ जणींनी सांगितलं, 'बाजाराच्या दिवशी मिरची घेतो. तिथेच भाजून, कांडून घेतो. एका फेरीत काम होतं.' या बाया डंकीसाठी जात नाहीत, मिरचीसाठी जातात. ब्याडगी रंगाला, लवंगी तिखटाला, संकेश्वरी चवीला, असं निवडून घ्यायला त्यांना बाजारच लागतो. गावात नुसती डंकी टाकून त्या थांबणार नाहीत.

४ जणी नात्यातल्या डंकीवर जातात. तिथे पैसे नंतर दिले तरी चालतात. त्याही आपल्या नाहीत.

उरल्या १२ जणी. यांची मिरची आधीच घरी असते, कधी स्वतःच्या शेतातली, कधी दारावर आलेली. उन्हात वाळवून, देठ काढून, घरी भाजून त्या फक्त कांडायला तालुक्याला जातात. गाडीभाडं आणि अर्धा दिवस घालवतात. डंकी गावात आली, तर यांचा सरळ फायदा आहे. आपलं गिऱ्हाईक हेच.

४० मध्ये १२, म्हणजे शंभरात ३०. गावच्या ४२० चुलींत १२६ घरं. शेजारच्या गाव-वाडीत ३० चुलींना विचारलं, तेव्हा तिथे अशी ६ निघाली, म्हणजे शंभरात २०. तिथल्या २७० चुलींत ५४ घरं. दोन्ही मिळून १८० घरं, ४ किलोप्रमाणे ७२० किलो.

हा आपला बाजार. ७२० किलो, ५० रुपयांनी ३६,००० रुपये. हे महिन्याचे नाहीत, वर्षाचे आहेत.

आता हप्त्याशेजारी ठेवून बघू

३६,००० सगळेच हातात राहत नाहीत. डंकीवर बसणाऱ्या बाईची मजुरी, वीज, पट्टा आणि चाळणी मिळून किलोला २० रुपये जातात असं धरू. गटाकडे किलोला ३० उरतात. ७२० किलोचे २१,६०० रुपये.

१,२०,००० रुपयांचं कर्ज १२ टक्के व्याजाने तीन वर्षांत फेडायचं, तर हप्ता महिना जवळजवळ ४,००० रुपये येतो. वर्षाचे ४८,०००. उत्पन्न २१,६०० आणि हप्ता ४८,०००. दरवर्षी २६,४०० रुपये कमी. दहा जणींत वाटले, तर प्रत्येकीला महिन्याला २२० रुपये पदरचे घालावे लागतील, तेही तीन वर्षं. कितीतरी गटांची महिन्याची बचतही एवढी नसते. म्हणजे डंकी चालवायला गटाची बचत मोडेल, अंतर्गत कर्ज बंद पडेल आणि ज्या बाईने 'डंकी घेऊ' म्हटलं होतं, तिच्याशी कोणी बोलणार नाही.

पण हिशोब इथेच सोडू नका. खालून वर केलेल्या हिशोबाचा खरा उपयोग पुढे आहे. कोणता आकडा हलवला तर गणित बसेल, हे त्यात दिसतं. 'एक टक्का' मध्ये हलवण्यासारखं काही नसतं.

आधी यंत्राकडे बघू. वहीतल्या पाचव्या प्रश्नावरून कळतं, की शंभरातली ८० घरं होळी ते अक्षय्य तृतीया या सात आठवड्यांत मसाला करतात. ऊन कडक असतं, मिरची कडकडीत वाळते आणि पावसाच्या आत डबे भरायचे असतात. ७२० मधले ५७६ किलो या सुमारे ४८ दिवसांत येणार, म्हणजे दिवसाला सरासरी १२ किलो. एका वेळी पाच किलो, तर तीन वेळा कांडलं की दिवस संपला. एखाद्या रविवारी तिप्पट गर्दी झाली तरी डंकीला झेपेल. म्हणजे मोठी डंकी नकोच. शेड कोणाच्या तरी ओट्यावर भागवून, नीट तपासलेली जुनी डंकी आणि वीजजोडणी ५०,००० रुपयांत बसली, तर त्याच व्याजाने वर्षाचा हप्ता २०,००० च्या आसपास येतो. उत्पन्न २१,६००. जेमतेम, पण बसलं.

एक गोष्ट मात्र विसरू नका. पैसा सात आठवड्यांत येतो आणि हप्ता बारा महिने जातो. उन्हाळ्यात आलेले पैसे वाटून घेतले, तर दिवाळीचा हप्ता कुठून भरणार? हप्त्याचे पैसे हंगामातच वेगळ्या खात्यावर ठेवा.

आता त्या बाजाराला जाणाऱ्या १२ जणींकडे बघू. त्यांना मिरची हवी असते. गटाने मिरचीही ठेवली, तर शंभरातल्या ३० चुलींपैकी निम्म्या येतील असं धरू. ६३ घरं, २५२ किलो, ३० रुपयांनी ७,५६० रुपये. वर्षाचं उत्पन्न २९,१६० होतं. पण हा 'निम्म्या' कुठून आला? तो मी मनाने धरलाय. म्हणजे हाही वरून खाली टक्काच झाला. म्हणून या आकड्यावर भरवसा ठेवून मिरचीची पोती भरू नका. उरलेली मिरची पावसाळ्यात सर्दली की बुरशी धरते आणि रंगही जातो. आधी मिरचीची नावं सांगून मागणी लिहून घ्या आणि थोडे आगाऊ पैसे घ्या. जी आगाऊ पैसे देते तीच मोजा. तोंडी हो म्हणणारीला मोजू नका. मग 'निम्म्या' च्या जागी खरा आकडा येईल.

हिशोब चुकलाय हे कसं ओळखायचं?

चाळीस घरांच्या वहीत १२ निघाली. दुसऱ्या चाळीस घरांत विचारलं असतं, तर ८ निघाली असती, किंवा १६. एवढ्या थोड्या घरांत इतका फरक पडतोच. म्हणून कर्जाचा निर्णय मधल्या आकड्यावर घेऊ नका, खालच्या आकड्यावर घ्या. गावात १२ ऐवजी ८ आणि शेजारी ६ ऐवजी ४ धरा. घरं १२० होतात, किलो ४८० आणि उत्पन्न १४,४००. जुन्या डंकीचा हप्ता २०,०००. कमी पडले ५,६००. दहा जणींत महिन्याला प्रत्येकी साधारण ४७ रुपये. वाईट वर्षात एवढं झेपेल का, हे बैठकीत उघड विचारा. झेपेल म्हणाल्या, तर पुढे जा. नव्या डंकीचं हेच वाईट वर्ष महिन्याला प्रत्येकी २८० रुपयांचं असेल. दोन्हींतला फरक सगळ्यांना कळू द्या.

दुसरी तपासणी उलट्या बाजूने करायची. आपण घरांकडून मोजलं, आता डंकीकडून मोजू. आपल्या हिशोबाने बाजाराच्या दिवशी कांडणारी १२६ घरं गावात आहेत. त्यातली शंभरात ८०, म्हणजे सुमारे १०० घरं हंगामाच्या सात बाजारांत येतील. दर बाजाराला आपल्या गावचे १४ डबे. हंगामात दोन बाजारांना दोघी जणी तालुक्याच्या डंकीजवळ बसा आणि आपल्या गावचे डबे मोजा. दहा ते अठरा दिसले, तर वही बरोबर. तीन-चारच दिसले, तर एकतर आपल्या गावच्या बाया दुसऱ्या डंकीवर जातात, नाहीतर आपण विचारलेली घरं निवडून घेतलेली होती. मग यंत्र घेण्याआधी दहा नवीन घरं परत विचारा.

तिसरी तपासणी सोपी आहे. हिशोबाच्या कागदावर प्रत्येक आकड्यापुढे एक रकाना ठेवा, 'कोणी सांगितलं?' ४२० पुढे येईल अंगणवाडीची वही. २८ पुढे येईल आपली चाळीस घरांची वही. ५० रुपयांपुढे येईल तालुक्याच्या डंकीचा दर. ज्या आकड्यापुढे 'असंच धरलं' येतं, तो लाल पेनाने लिहा. लाल आकडे एक-दोन असले तर चालतं. चार-पाच असतील, तर तो हिशोब नाही, अंदाजपंचे आहे. अहवालवाल्याचा कागद असा तपासला, तर त्यातला 'एक टक्का' सगळ्यात आधी लाल होईल.

या पद्धतीत काय येत नाही

खालून वर केलेला हिशोब आज ज्या सवयी आहेत, त्याच मोजतो. उद्या शेजारच्या गावात दुसरी डंकी आली, तर आपल्या ५४ घरांवर पाणी फिरेल. मिरची फार महागली, तर चार किलोचे तीन होतील. तरुण सुना पाकिटाकडे वळल्या, तर २८ चे २४ होतील. म्हणून दर वर्षी हंगाम संपल्यावर वही परत काढा. आलेली घरं आणि धरलेली घरं शेजारी शेजारी लिहा. पहिल्या वर्षाचा खरा आकडा हा पुढच्या वर्षीचा सगळ्यात चांगला अंदाज असतो.

आणि राज्याचा मोठा आकडा अगदीच टाकाऊ आहे असंही नाही. लोक मसाला खायचं सोडणार नाहीत, एवढं तो नक्की सांगतो. पण आपल्या गावातली किती माणसं आपल्या डंकीवर येतील, हे त्याला विचारू नका. त्याला ते माहीत नाही.

बैठकीत न्यायचा कोरा कागद

धंदा शेवयांचा असो, शिलाईचा असो की पीठगिरणीचा, ओळी याच राहतात. आकडे तुमचे भरा, आणि प्रत्येकापुढे 'कोणी सांगितलं' लिहा.

१. परिसरातल्या चुली: ____
२. विचारलेल्या चुली: ____
३. त्यातल्या किती जणींनी गेल्या वर्षी हे काम पैसे देऊन करून घेतलं: ____
४. एका घराचं वर्षाचं प्रमाण, फार मोठं घर बाजूला ठेवून: ____
५. त्यातल्या कितींना आपल्याकडे येण्याचं खरं कारण आहे: ____
६. आपली घरं गुणिले प्रमाण, म्हणजे आपला बाजार: ____
७. खर्च वजा जाता एका नगामागे किंवा किलोमागे उरणारे पैसे: ____
८. वर्षाचं उत्पन्न, खालच्या आकड्याने: ____
९. वर्षाचा हप्ता: ____
१०. कमी पडले तर प्रत्येकीला महिन्याला किती: ____

आठवी ओळ नवव्या ओळीपेक्षा मोठी असेल, तर सही करा. लहान असेल, तर दहावी ओळ सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा आणि मग ठरवा. पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीला हा कागद भरून आणा. दुसऱ्या गटाच्या ताईंना तुमचे लाल आकडे शोधायला सांगा, आणि तुम्ही त्यांचे शोधा. स्वतःच्या कागदावरचा लाल आकडा आपल्याला लवकर दिसत नाही, दुसरीला पटकन दिसतो.